पाळी अनियमित आहे? हॉर्मोनचा रिपोर्ट वाचण्याआधी रक्त कितव्या दिवशी दिले ते पाहा

पाळी वेळेवर येत नाही म्हणून हॉर्मोनच्या तपासण्या केलेल्या रुग्णाची फाईल माझ्यासमोर आली, की मी आकड्यांच्या आधी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात रक्त घेतल्याची तारीख पाहतो. त्यानंतर विचारतो, ‘त्याआधीची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली होती? आणि त्यानंतरची कधी आली?’ बऱ्याच वेळा उत्तर मिळत नाही, कारण रक्त घेताना कुणी ते विचारलेलेच नसते. या दोन तारखांशिवाय एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन या चार आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

साखर किंवा हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये शेजारी एकच ‘नॉर्मल’ मर्यादा असते. हॉर्मोनच्या रिपोर्टमध्ये मात्र तीन-चार ओळी छापलेल्या दिसतात: फॉलिक्युलर फेज, ओव्ह्युलेशन, ल्युटियल फेज, मेनोपॉज. म्हणजे पाळीनंतरचे पहिले दिवस, बीज बाहेर पडण्याचा सुमार, त्यानंतरचा काळ आणि पाळी कायमची थांबल्यानंतरचा काळ. तुमचा आकडा यातल्या कोणत्या ओळीशी ताडायचा हे लॅबला माहीत नसते, ते तुमच्या पाळीच्या तारखेवरून ठरते.

महिन्याभरात आत काय घडते

पाळी सुरू होते तेव्हा स्त्रीबीजकोशातील हॉर्मोन सर्वांत खालच्या पातळीवर असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच सोडते आणि बीज असलेल्या लहान पिशव्यांना वाढायला लावते. त्यांपैकी एक पुढे जाते आणि इस्ट्रॅडिऑल तयार करू लागते. इस्ट्रॅडिऑल पुरेसे वाढले की पिट्युटरीतून एलएचचा मोठा लोंढा सुटतो आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडते. रिकामी झालेली पिशवी मग प्रोजेस्टेरॉन बनवते. गर्भ राहिला नाही तर सुमारे चौदा दिवसांनी ती थकते, प्रोजेस्टेरॉन खाली येते आणि पाळी येते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांमध्ये बराचसा ठरलेला असतो, बारा ते चौदा दिवसांच्या आसपास. पाळी लांबते तेव्हा सहसा त्याआधीचा भाग लांबलेला असतो. कुणाचे बीज चौदाव्या दिवशी तयार होते, तर कुणाचे अठ्ठाविसाव्या. ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन’ हा प्रसिद्ध नियम २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे, आणि हॉर्मोनची तपासणी करायला येणाऱ्या बहुतेक बायकांची पाळी २८ दिवसांची नसते.

पहिला दिवस कोणता?

ही शंका साधी वाटली तरी अर्धे घोटाळे इथूनच सुरू होतात. आमच्या भागात अनेक जणी चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्यापासून दिवस मोजतात, काही जणी रक्तस्राव पूर्ण थांबल्यापासून. लॅबमधल्या मुलीने ‘कितवा दिवस?’ विचारले की त्या त्यांच्या हिशेबाने ‘दुसरा’ सांगतात. प्रत्यक्षात तो पाचवा किंवा सातवा असतो.

वैद्यकीय हिशेबात पहिला दिवस म्हणजे पॅड लागेल इतका खरा लाल स्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशी नुसता तपकिरी डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. स्राव रात्री उशिरा सुरू झाला असेल तर दुसरा दिवस पहिला धरला तरी चालते. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा आणि तीन-चार महिन्यांचे गोल जमवून डॉक्टरकडे या. मला मोबाईलमधल्या ॲपपेक्षा हे जास्त आवडते. ॲप पुढच्या बीजाचा दिवस स्वतःच्या अंदाजाने दाखवते आणि अनियमित पाळीत तो अंदाज हमखास चुकतो.

दुसरा घोटाळा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, आषाढीत पंढरपूर, मध्ये कुणाचे लग्न. नॉरएथिस्टेरॉनची गोळी दुकानातून सहज आणली जाते. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी जो रक्तस्राव होतो तो गोळी थांबल्यामुळे झालेला असतो. त्या महिन्याच्या रिपोर्टवरून तुमची स्वतःची लय कळत नाही. अशी गोळी घेतली असेल तर सांगा, लपवू नका. तपासणी पुढच्या पाळीपर्यंत थांबवणे बहुधा चांगले.

एक फाईल, दोन वेळा वाचलेली

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय २९, लग्नाला तीन वर्षे, मूल नाही. पाळी ३४ ते ४० दिवसांनी. एका ठिकाणी तिला ‘एकविसाव्या दिवशी सगळे हॉर्मोन करून घ्या’ असे सांगितले गेले. पाळी ४ मार्चला आली होती, रक्त २४ मार्चला दिले, म्हणजे दिवस बरोबर मोजला होता. रिपोर्ट असा होता: एफएसएच ७.१, एलएच १८ (दोन्ही मिलियुनिट प्रति मिलिलिटर), इस्ट्रॅडिऑल २१० पिकोग्रॅम, प्रोजेस्टेरॉन ०.७ नॅनोग्रॅम, प्रोलॅक्टिन ५८ नॅनोग्रॅम (तिन्ही प्रति मिलिलिटर). टीएसएच आणि टेस्टोस्टेरॉन मर्यादेत होते.

तिला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. प्रोजेस्टेरॉन कमी, म्हणजे अंडे तयार होत नाही. एलएच एफएसएचच्या दुपटीहून जास्त, म्हणजे पीसीओएस. प्रोलॅक्टिन वाढलेले, म्हणजे मेंदूचा एमआरआय. ती सासूबाईंसोबत माझ्याकडे आली तेव्हा घरात तिचा ‘दोष’ ठरून गेला होता.

मी विचारले, त्यानंतर पाळी कधी आली? ती म्हणाली, ९ एप्रिलला. आता मागे मोजा. ९ एप्रिलच्या चौदा दिवस आधी येते २६ मार्च. म्हणजे बीज साधारण २६ मार्चला बाहेर पडले असावे आणि रक्त त्याच्या दोन दिवस आधी घेतले गेले. या हिशेबाने तोच रिपोर्ट पुन्हा वाचा. इस्ट्रॅडिऑल २१०, कारण पिशवी पक्व होत आली होती. एलएच १८, कारण लोंढ्याची चढण सुरू झाली होती. प्रोजेस्टेरॉन ०.७, कारण ते बनवणारी रिकामी पिशवी अजून अस्तित्वातच नव्हती. ‘अंडे होत नाही’ असा शिक्का ज्या रिपोर्टवर बसला, तो बीज येऊ घातल्याचे सांगत होता.

अर्थात मागे मोजून काढलेला हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. म्हणून पुन्हा तपासणी केली. ९ एप्रिलच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी, ११ तारखेला, एफएसएच ६.४, एलएच ५.१, इस्ट्रॅडिऑल ३६. तिन्ही आकडे त्या दिवसाला शोभणारे होते.

प्रोजेस्टेरॉनसाठी दिवस ठरवायचा तर पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सात दिवस आधी रक्त द्यायचे. ३६ दिवसांची पाळी धरली तर हा तिसावा दिवस येतो. पण हिची पाळी मागेपुढे होते, त्यामुळे एकाच दिवसावर पैज लावण्यात अर्थ नव्हता. अठ्ठाविसाव्या दिवशी, ६ मेला, पहिला नमुना घेतला. प्रोजेस्टेरॉन १.१ आले. तिचा चेहरा उतरला. मी सांगितले, पाळी येईपर्यंत आठवड्याने पुन्हा पाहायचे असे आपले ठरले आहे. १३ मेला ते ११.२ होते. पाळी २० मेला आली, बरोबर सात दिवसांनी. त्या महिन्यात चक्र ४१ दिवसांचे झाले होते आणि बीज बाहेर पडले होते.

फक्त ६ मेचा रिपोर्ट हाती असता तर मीही चुकलो असतो.

प्रोजेस्टेरॉनचा आकडा किती ताणायचा

योग्य वेळी घेतलेल्या नमुन्यात प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज बाहेर पडले असे मानता येते. दहाच्या आसपास किंवा वर असेल तर शंका उरत नाही. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात. तो सव्वातीन पटीने मोठा दिसतो, त्यामुळे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक आधी वाचा.

मात्र ८ आले आणि १२ का नाही, म्हणून ‘प्रोजेस्टेरॉन कमजोर आहे’ असा अर्थ काढू नका. हे हॉर्मोन झटक्याझटक्याने सुटते आणि एकाच दुपारी काही तासांत कितीतरी वर-खाली होते. हा रिपोर्ट ‘बीज बाहेर पडले का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

कमी आकड्याचा अर्थ लावण्याआधी पाळी नंतर कधी आली ते पाहावे लागते. रक्त दिल्यानंतर पाच ते नऊ दिवसांत पाळी आली, तर नमुना योग्य वेळी घेतला गेला होता, आणि तरीही प्रोजेस्टेरॉन कमी असेल तर त्या महिन्यात बीज बाहेर पडले नसावे. दोन-अडीच आठवड्यांनी पाळी आली, तर नमुना फार लवकर घेतला गेला. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच दिवशी आली, तर तो उशिरा घेतला गेला, प्रोजेस्टेरॉन तोवर उतरले होते. म्हणून रक्त देऊन आल्यावर रिपोर्टवरच पेनने पुढच्या पाळीची तारीख लिहून ठेवायची सवय लावा.

सोळाव्या दिवसापासून नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू असतील तर त्या काळात ही तपासणी करू नका. रिपोर्टमध्ये गोळीच मोजली जाईल.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचे रक्त कशासाठी

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल या काळात पाहायचे, कारण तेव्हा स्त्रीबीजकोश शांत असतो आणि पिट्युटरीला त्यासाठी किती जोर लावावा लागतो ते उघड दिसते. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल नेहमी जोडीने, एकाच नमुन्यात करा. एकट्या एफएसएचवर विसंबणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. समजा तिसऱ्या दिवशी एफएसएच ७ आहे, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही, पण इस्ट्रॅडिऑल ११० आहे. इतके इस्ट्रॅडिऑल पिट्युटरीला दाबून धरते, त्यामुळे एफएसएच खोटेच खाली दिसते. त्या ७ आकड्यावर समाधान मानता येत नाही. बीजांचा साठा कमी होत असताना असे दिसू शकते, कधी मागच्या महिन्याची गाठ शिल्लक असते, कधी दिवसच चुकीचा मोजलेला असतो. पुढच्या पाळीत पुन्हा पाहावे लागते.

उलट, एफएसएच वाढलेले दिसले की घाबरण्याआधी शेजारचे दोन आकडे पाहा. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास एफएसएचही काही काळ वाढते, पण तेव्हा एलएच त्याहून बरेच जास्त असते आणि इस्ट्रॅडिऑल भरपूर असते. एफएसएच ४८, एलएच त्याहून कमी आणि इस्ट्रॅडिऑल २० च्या खाली, असे चित्र चाळिशीच्या आतील स्त्रीमध्ये असेल तर ते गंभीर आहे. स्त्रीबीजकोशाचे काम अकाली मंदावत असल्याची ती खूण असू शकते. चार महिने किंवा जास्त पाळी अनियमित किंवा बंद असेल आणि एफएसएच २५ च्या वर असेल तर हे निदान विचारात घ्यायचेच. शंका असल्यास चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. अशा वेळी हाडे आणि हृदय जपण्यासाठी हॉर्मोनचे उपचार लागतात, म्हणून ‘पाळी आपोआप येईल’ म्हणत वर्ष घालवू नये.

आता एलएच आणि एफएसएचच्या गुणोत्तराबद्दल. दोनाला एक किंवा तीनाला एक म्हणजे पीसीओएस, हे अजून सर्रास ऐकू येते. पण २००३ च्या रॉटरडॅम निकषांत हे गुणोत्तर नाही आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही नाही. प्रौढ स्त्रीमध्ये तीन गोष्टी पाहतात: अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तात त्याची वाढ, आणि सोनोग्राफीतील चित्र किंवा वाढलेले एएमएच. यांपैकी दोन हव्यात आणि इतर कारणे वगळलेली हवीत. किशोरवयीन मुलींमध्ये सोनोग्राफी आणि एएमएच धरतच नाहीत, पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात. निकष बदलला की आकडे किती बदलतात याचे उदाहरण मुंबईचेच आहे. १५ ते २४ वयाच्या मुलींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरले, तर ॲन्ड्रोजेन एक्सेस सोसायटीच्या कडक निकषांनी १०.७ टक्क्यांना. मुली त्याच होत्या.

माझ्या त्या रुग्णाच्या अंगावर जास्तीचे केस नव्हते, टेस्टोस्टेरॉन मर्यादेत होते, सोनोग्राफी ठीक होती. लांबणाऱ्या पाळीखेरीज एकही निकष नव्हता. पीसीओएस हा शब्द मी तिच्या फाईलमधून खोडला.

प्रोलॅक्टिन ५८ आणि ॲसिडिटीची गोळी

प्रोलॅक्टिन पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येते, पण वेळेला महत्त्व आहे. झोपेत ते वाढलेले असते, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी, सकाळी, धावपळ न करता द्यावे. लॅबमध्ये पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे शांत बसा. सुईची भीती, आदल्या रात्रीचे जागरण, नुकताच केलेला व्यायाम यांनीही आकडा थोडा वर जातो.

त्याहून मोठे कारण औषधांचे असते. तिच्या पर्समध्ये ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी होती, तिच्यात डोमपेरिडोन होते. डोमपेरिडोन आणि लेवोसल्पिराइड ही दोन्ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात, कधी शंभराच्या वरही नेतात, आणि दोन्ही ॲसिडिटीच्या गोळ्यांत मिसळलेली सहज मिळतात. पट्टीवरचे बारीक अक्षर वाचा. तिने ती कॅप्सूल बंद केली आणि ११ एप्रिलला प्रोलॅक्टिन १४ आले. एमआरआयची गरज उरली नाही. मानसिक आजाराची काही औषधेही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती तपासणीसाठी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. कारण सापडत नसताना आकडा पुन्हा वाढलेला आला, किंवा सोबत स्तनातून दूध येणे, सततची डोकेदुखी, बाजूचे कमी दिसणे असेल, तर एमआरआय टाळू नये.

टीएसएच आणि एएमएचला पाळीचा दिवस पाहावा लागत नाही. टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन सकाळी, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यावे. दुसरे तर नक्कीच, कारण बीज बाहेर पडल्यानंतर ते आपोआप वाढते आणि नसलेल्या आजाराचा संशय निर्माण करते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन या तिन्हींचा उपयोग नसतो. टेस्टोस्टेरॉनसाठी गोळी थांबवून किमान तीन महिने जावे लागतात, आणि या काळात गर्भनिरोधनाची दुसरी सोय करावी लागते. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्या काही यंत्रांच्या मोजणीत अडथळा आणतात.

पाळीच येत नसेल तर दुसरा दिवस आणायचा कुठून?

तीन महिने पाळी आली नसेल तर तिची वाट पाहत बसू नका. सर्वांत आधी लघवीची गर्भचाचणी करा. ‘शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांनीही करा, माझ्या टेबलावर ती अनेकदा अनपेक्षितपणे पॉझिटिव्ह आली आहे. ती निगेटिव्ह असेल तर एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच कोणत्याही दिवशी देता येतात. या नमुन्यात प्रोजेस्टेरॉनही घेतले तर नंतर वाचायला सोपे जाते: ते कमी असेल तर तुम्ही बीज बाहेर पडण्याआधीच्या टप्प्यात आहात आणि बाकीचे आकडे त्या ओळीशी ताडता येतात. काही वेळा गोळ्या देऊन पाळी आणतात आणि मग तिसऱ्या दिवशी रक्त घेतात. तेही चालते, पण गर्भचाचणी केल्याशिवाय त्या गोळ्या घेऊ नयेत.

लॅबच्या फॉर्मवर दोन ओळी स्वतः लिहून द्या: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, आणि सध्या चालू असलेली सगळी औषधे. फॉर्मवर जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा.

त्या २९ वर्षांच्या रुग्णाचे पुढे काय झाले हे विचाराल म्हणून सांगतो. ११.२ चा रिपोर्ट सासूबाईंना समजावून सांगितल्यावर मी पतीच्या वीर्यतपासणीचा कागद कुठे आहे असे विचारले. तीन वर्षांत ती तपासणी एकदाही झालेली नव्हती. ती मी त्याच दिवशी लिहून दिली.